सरकत्या यादीच्या रेकॉर्डिंगमधून एकच तक्ता: ओळ गळू नये, दुबार येऊ नये

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातील अनेक गाळ्यांवर विक्रीच्या नोंदी आता वहीऐवजी मोबाइलवरील ॲपमध्ये होतात. दिवसभर नोंद करायला ॲप सोयीचे पडते. पण महिनाअखेरीस हिशेबनीस त्याच नोंदी एक्सेलमध्ये मागतात आणि ॲपमध्ये फाइल बाहेर काढण्याची सोयच नसते, तेव्हा अडचण उभी राहते. अशा वेळी यादी वरून खालपर्यंत सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग करणे आणि त्या चलचित्रातून ओळी उतरवून एक तक्ता तयार करणे, हा एक मार्ग उरतो. हा मार्ग विश्वासार्ह ठरू शकतो, मात्र जोडकाम कसे करायचे हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

या लेखातील उदाहरण अशाच एका यादीचे आहे. प्रत्येक ओळीत तारीख, माल घेणाऱ्याचे ठिकाण, मालाचा प्रकार, गोण्यांची संख्या आणि रक्कम एवढेच आहे. अनुक्रमांक नाही, वेळ नाही, पावती क्रमांकही नाही. दिव्याच्या एकाच दुकानदाराने एकाच सकाळी पाच-पाच गोण्या वेगवेगळ्या फेऱ्यांत उचलल्या, तर अक्षर न अक्षर सारख्या अनेक ओळी एकाखाली एक येतात, आणि त्या सर्व खऱ्या असतात. सगळ्या कामातील अवघड भाग हाच आहे. रेकॉर्डिंगमध्ये एकच ओळ लागोपाठच्या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून दुबार ओळी काढाव्या लागतात. पण मजकूर सारखा आहे एवढ्यावरून ओळ काढली, तर खरी विक्री तक्त्यातून नाहीशी होते. म्हणून एक्सेलमधील `Remove Duplicates` किंवा `UNIQUE` या सोयी या कामात अजिबात वापरू नयेत. ओळ दुबार आहे की नाही, हे तिच्या मजकुरावरून न ठरवता यादीतील तिच्या जागेवरून ठरवायचे असते.

रेकॉर्डिंग सुरू करण्यापूर्वी

ॲपमध्ये छपाई, पीडीएफ किंवा फाइल पाठवण्याची सोय कोठे दडलेली नाही ना, हे आधी पाहून घ्यावे. ती असेल तर पुढील खटाटोपाची गरज नाही. काही ॲप, विशेषतः बँकांची, स्क्रीन टिपू देत नाहीत आणि रेकॉर्डिंगमध्ये केवळ काळा पडदा उमटतो, म्हणून दहा सेकंदांचे रेकॉर्डिंग करून ते उघडून पाहणे चांगले.

यादी स्थिर असली पाहिजे. बाजार चालू असताना रेकॉर्डिंग केले, तर मध्येच नवी नोंद यादीच्या डोक्यावर येते, सगळ्या ओळी एका जागेने खाली सरकतात आणि जोडताना नेमकी एक ओळ दुबार होते. त्यामुळे तारखेची चाळणी कालच्या दिवसापर्यंतच लावावी, क्रमवारी ठरवून ती शेवटपर्यंत बदलू नये. त्यानंतर एकदा यादी तळापर्यंत सरकवून पुन्हा माथ्यावर आणावी. पुष्कळ ॲप पुढच्या ओळी आपण खाली जाऊ तशा मागवून घेतात, आणि रेकॉर्डिंगच्या वेळी त्या जागी क्षणभर राखाडी पट्टे दिसतात. आधी एक फेरी झालेली असली की हा त्रास बराच कमी होतो. सूचना बंद कराव्यात, कारण वरून उतरणारी सूचनेची पट्टी दोन-तीन ओळी झाकते, शिवाय खासगी मजकूर चित्रात येतो तो वेगळाच. अक्षरांचा आकार एवढा ठेवावा की कोणतीही ओळ दोन ओळींवर मोडणार नाही. सर्व ओळींची उंची सारखी राहिली, तर पुढील हिशेब फार सोपा होतो.

ॲप खाली एकूण रक्कम, एकूण गोण्या किंवा नोंदींची संख्या दाखवत असेल, तर तो आकडा याच वेळी कागदावर लिहून ठेवावा.

सरकवण्याची पद्धत

बोट झटकून यादी पळवू नये. बोट टेकवावे, सावकाश वर न्यावे, थांबावे, यादी स्थिर झाली की बोट उचलावे आणि दोन सेकंद काही करू नये. मग पुढची सरक. थांबण्याचे कारण असे की चलचित्र लहान आकारात साठवताना हलत्या मजकुराचे तपशील सर्वांत आधी पुसट होतात. स्थिर क्षणी तोच मजकूर स्वच्छ उमटतो. वाचन स्थिर चित्रांवरून करायचे असते, आणि हलती चित्रे दुसऱ्याच कामासाठी लागतात, ते पुढे येईल.

एका वेळी किती सरकवावे? समजा, फोनचा पडदा 1080 बाय 2400 पिक्सेलचा आहे, त्यात वरचे मथळे आणि खालची बटणे सोडून यादीसाठी 1440 पिक्सेल उंचीची जागा आहे आणि एक ओळ 120 पिक्सेल उंच आहे. म्हणजे एका वेळी बारा ओळी मावतात. यातील निम्म्याच, सहा ओळी सरकवाव्यात. उरलेल्या सहा ओळी दोन्ही थांब्यांत सामाईक राहतात आणि जोड त्यांच्या आधारावर बसतो. एकच ओळ सामाईक ठेवून काम भागते असे वाटते खरे, परंतु कडेच्या ओळी अर्धवट कापलेल्या असतात आणि सारख्या ओळींचा गट आला की ती एक ओळ काहीच सांगत नाही.

वेगालाही मर्यादा आहे आणि तिचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. दोन लागोपाठच्या फ्रेमांमध्ये यादी ओळीच्या उंचीच्या निम्म्याहून अधिक सरकली, तर सारख्या दिसणाऱ्या ओळींमध्ये आधीची ओळ पुढे गेली की नंतरची मागे आली, हे चित्रावरून ठरवता येत नाही. आपल्या उदाहरणात निम्मी उंची 60 पिक्सेल आहे. सेकंदाला 30 फ्रेम धरल्या तर वेगाची मर्यादा सेकंदाला 1800 पिक्सेल येते. मोबाइलचे रेकॉर्डिंग मात्र नेहमी एकसारख्या गतीने फ्रेम टिपत नाही, पडदा स्थिर असताना किंवा फोनवर ताण असताना त्या विरळ होतात, म्हणून या मर्यादेच्या बरेच आत राहावे. सहा ओळींची, म्हणजे 720 पिक्सेलची सरक तीन सेकंदांत केली तर वेग 240 पिक्सेलवर राहतो आणि चिंता उरत नाही. दोनशेच्या आसपास ओळींच्या यादीला असे पस्तीसेक थांबे लागतात आणि रेकॉर्डिंग तीन मिनिटांत आटोपते.

रेकॉर्डिंगमध्ये मागे फिरू नये. एखादी ओळ सुटल्यासारखी वाटली, तर रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा माथ्यापासून सुरू करणे अधिक सोपे असते. यादीच्या तळाशी पोहोचल्यावर बोट आणखी ओढू नये. अँड्रॉइड 12 पासून तेथे यादी रबरासारखी ताणलेली दिसते आणि आयफोनवर ती उसळून परत येते, त्या क्षणीच्या चित्रांतील उंची खरी नसते. शेवटची सरक बहुधा अर्धवटच होते, म्हणजे शेवटच्या थांब्यात सामाईक ओळी सहापेक्षा अधिक असतात. हे ध्यानात न घेता प्रत्येक थांब्यातून आंधळेपणाने शेवटच्या सहा ओळी उचलल्या, तर तळाच्या काही ओळी हमखास दुबार होतात.

चित्रे वेगळी काढणे

रेकॉर्डिंग संगणकावर घेतल्यानंतर त्यातून सेकंदाला दोन चित्रे काढणे पुरेसे असते. त्यासाठी `ffmpeg` हा मोफत मिळणारा प्रोग्राम वापरता येतो. पुढील आज्ञा यादीचा भाग तेवढा कापून घेते आणि चित्रे क्रमांकानुसार साठवते:

```
ffmpeg -i yadi.mp4 -vf "fps=2,crop=1080:1440:0:600" chitra_%04d.png
```

यातील `crop` नंतरचे चार आकडे अनुक्रमे रुंदी, उंची, डावीकडून अंतर आणि वरून अंतर असे आहेत. आपल्या फोनप्रमाणे ते बदलावेत. कापण्याचा हेतू असा की मथळ्याची ओळ सरकताना जागेवरच राहते आणि ती चित्रात राहिली तर प्रत्येक थांब्यागणिक तक्त्यात एक जादा ओळ म्हणून शिरते. वरची घड्याळ-बॅटरीची पट्टीही यातून जाते. चित्रे `png` स्वरूपातच ठेवावीत, कारण `jpg` मध्ये साठवताना अक्षरांच्या कडा आणखी बिघडतात.

काही ॲपमध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यात नवीन नोंदीचे गोल बटण तरंगत असते आणि ते शेवटच्या एक-दोन ओळींची रक्कम झाकते. अशा ओळी पुढच्या थांब्यात वर सरकलेल्या आणि मोकळ्या दिसतात, तेथूनच त्या घ्याव्यात.

मग चित्रे क्रमाने पाहत जावे आणि प्रत्येक थांब्याचे एक स्वच्छ चित्र निवडून त्याला क्रमांक द्यावा. सरकतानाची चित्रे मात्र पुसून टाकू नयेत. एकसारखी दिसणारी चित्रे आपोआप गाळणारी साधनेही येथे वापरू नयेत: सारख्या ओळींच्या लांब गटात यादी नेमकी पूर्ण ओळींच्या पटीत सरकली, तर दोन निरनिराळे थांबे हुबेहूब सारखे दिसतात आणि साधन त्यातील एक फेकून देते.

ओळी वाचून घेणे

थांब्यांची चित्रे पाहून हाताने टंकन करता येते किंवा अक्षरओळख करणारा प्रोग्राम वापरता येतो. टेसरॅक्ट हा असाच एक प्रोग्राम आहे. त्यासाठी मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांच्या फाइली बसवून पुढीलप्रमाणे आज्ञा द्यावी:

```
tesseract thamba_07.png thamba_07 -l mar+eng --psm 6
```

दोन्ही मार्गांनी एक पथ्य सारखेच आहे: ज्या ओळीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही रेषा चित्रात दिसतात तीच ओळ घ्यायची. कापलेली ओळ वाचता येते असे वाटले तरी ती सोडावी. अर्धा कापलेला आठ हा आकडा शून्यासारखा किंवा तीनासारखा वाचला जातो, आणि मग तीच ओळ पुढच्या थांब्यातील पूर्ण ओळीशी जुळत नाही, म्हणून ती वेगळी ओळ समजून तक्त्यात राहते. सामाईक ओळी भरपूर ठेवलेल्या असल्या, की कापलेली प्रत्येक ओळ शेजारच्या थांब्यात पूर्ण मिळतेच.

रुपयाचे चिन्ह हा प्रोग्रामच्या वाचनातील नेहमीचा खोडा आहे. ते पुष्कळदा 2 किंवा 7 असे वाचले जाते आणि 4,500 रुपयांचे 24,500 होतात. रक्कम भागिले गोण्या असा एक जादा स्तंभ केला, तर असा आकडा लगेच उठून दिसतो, कारण एका दिवसात गोणीचा भाव इतका बदलत नाही. जुळणी करण्यापूर्वी स्वल्पविराम, मोकळ्या जागा आणि रुपयाचे चिन्ह काढून टाकावे आणि देवनागरी व रोमन आकडे मिसळले असतील तर ते एकाच प्रकारचे करून घ्यावेत. नाहीतर एकच ओळ दोन थांब्यांत दोन प्रकारे लिहिली जाते आणि जोड सापडत नाही.

एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीसमोर दोन जादा स्तंभ ठेवावेत: ओळ कोणत्या थांब्याची आणि त्या थांब्यातील कितवी. हे स्तंभ शेवटपर्यंत काढू नयेत.

जोड: एक प्रसंग तपशिलाने

जोडण्याचे तत्त्व साधे आहे. आतापर्यंत तयार झालेल्या तक्त्याच्या शेवटच्या काही ओळी आणि नव्या थांब्याच्या पहिल्या तितक्याच ओळी त्याच क्रमाने सारख्या असल्या पाहिजेत. त्या सामाईक ओळी एकदाच ठेवायच्या आणि त्यांच्या पुढच्या ओळी तक्त्याला जोडायच्या. सामाईक भाग किती ओळींचा असू शकतो, हे पुढील लहानसे पायथन फंक्शन सांगते:

```
def julnare(juni, navi):
    n = min(len(juni), len(navi))
    return [k for k in range(1, n + 1)
            if juni[-k:] == navi[:k]]
```

उत्तरात एकच आकडा आला आणि तो पाच-सहाच्या आसपास असला, तर जोड निश्चित झाला. एकही आकडा आला नाही, तर दोन शक्यता असतात: सामाईक ओळीतील एखादे अक्षर चुकीचे वाचले गेले आहे, किंवा सरक फार मोठी होऊन मधल्या ओळी सुटल्या आहेत. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिल्यास यातील काय झाले ते लगेच कळते. अनेक आकडे आले, तर त्यातील सर्वांत मोठा घ्यावा असे पुष्कळ जण सांगतात. माझ्या मते हा सल्ला धोक्याचा आहे.

आपल्या यादीतील सातवा आणि आठवा थांबा घेऊ. सातव्या थांब्यात अकरा ओळी पूर्ण दिसतात. त्यातील पाचवी घणसोलीची, सहावी कळव्याची, सातवी मुंब्र्याची आणि आठवीपासून अकरावीपर्यंतच्या चारही ओळी सारख्याच आहेत: दिवा, कांदा, 5 गोण्या, 4,500 रुपये. येथे बोट ठरवल्यापेक्षा थोडे पुढे गेले आहे, म्हणून सामाईक भाग नेहमीपेक्षा लहान आहे. आठव्या थांब्याच्या पहिल्या चार ओळीही दिव्याच्याच आहेत आणि पाचवी विटाव्याची आहे.

वरील फंक्शन येथे 1, 2, 3 आणि 4 असे चार आकडे देते, कारण दिव्याची एक ओळ दिव्याच्या एका ओळीशी जुळते, दोन दोनांशी आणि चार चारांशीही. सामाईक भाग चार ओळींचा मानला, तर दिव्याच्या एकूण चार विक्री होतात. तीन मानला तर पाच, दोन मानला तर सहा आणि एक मानला तर सात. केवळ मजकूर पाहून यातील खरे कोणते, हे कोणालाही सांगता येणार नाही.

येथे सरकतानाची चित्रे कामाला येतात. सातव्या आणि आठव्या थांब्याच्या मधले असे एखादे चित्र शोधावे, ज्यात वर मुंब्र्याची ओळ अजून दिसते आहे आणि खाली विटाव्याची ओळ आत आली आहे. असे चित्र बहुधा सापडते, कारण थांब्यांत न मावणारा हा भाग सरकण्याच्या मध्यावर पडद्याच्या बरोबर मधोमध असतो. मजकूर किंचित पुसट असला तरी ठिकाणाचे नाव ओळखू येते. त्या एकाच चित्रात मुंब्रा आणि विटावा यांच्यामधील ओळी मोजाव्यात: त्या पाच भरतात. म्हणजे दिव्याच्या विक्री पाच आहेत आणि सामाईक भाग तीन ओळींचा आहे. सर्वांत मोठा आकडा घेण्याचा नियम पाळला असता, तर एक विक्री, म्हणजे 4,500 रुपये तक्त्यातून गळाले असते. केवळ स्थिर स्क्रीनशॉट घेतले असते, तर हे मधले चित्र हातात आलेच नसते.

कळवा, दिवा, कळवा, दिवा अशा आलटून-पालटून येणाऱ्या ओळींतही हाच गोंधळ होतो, आणि उपायही हाच आहे.

जागेवरून अनुक्रमांक देणे

मोजण्याची हीच गोष्ट पिक्सेलमध्ये केली, तर प्रत्येक ओळीला तिचा स्वतःचा अनुक्रमांक मिळतो आणि मजकुरावर अवलंबून राहण्याची गरज संपते. विंडोजमधील पेंटसारख्या प्रोग्राममध्ये चित्र उघडून त्यावर माऊस नेल्यास खालच्या पट्टीत जागेचे आकडे दिसतात. त्यातील दुसरा आकडा म्हणजे चित्राच्या वरच्या कडेपासूनचे अंतर. ओळखता येणारी एक ओळ दोन्ही चित्रांत शोधावी, तिच्या वरच्या रेषेचे अंतर दोन्हीकडे टिपावे, आणि वजाबाकी केली की यादी किती सरकली ते कळते.

आपल्या प्रसंगात सातव्या आणि आठव्या थांब्यात सामाईक अशी ओळखीची ओळ नाही, म्हणून मधले चित्र पायरी म्हणून घ्यावे. मुंब्र्याची ओळ सातव्या थांब्यात 770 वर आहे आणि मधल्या चित्रात 270 वर, म्हणजे तोपर्यंत यादी 500 पिक्सेल सरकली. विटाव्याची ओळ मधल्या चित्रात 990 वर आहे आणि आठव्या थांब्यात 505 वर, म्हणजे आणखी 485. एकूण सरक 985 पिक्सेल झाली. सातव्या थांब्यातील शेवटची पूर्ण ओळ 1250 वर होती. ती आता 265 वर असली पाहिजे, आणि आठव्या थांब्यात 265 वर तिसरी ओळ आहे. सामाईक ओळी तीनच, हे दुसऱ्या वाटेनेही सिद्ध झाले. या मोजमापात पाच-दहा पिक्सेल इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही, कारण सामाईक ओळी चार असत्या तर सरक 865 आली असती आणि दोन असत्या तर 1105. शक्यतांमधील अंतर पूर्ण एका ओळीचे, 120 पिक्सेलचे असते.

सर्व थांब्यांच्या सरकी एकापुढे एक मिळवत गेले, की माथ्यापासूनचे एकूण अंतर तयार होते. ते अंतर अधिक चित्रातील ओळीची जागा, भागिले ओळीची उंची, आणि त्यात एक मिळवला, की ओळीचा अनुक्रमांक येतो. एक्सेलमध्ये `A` स्तंभात थांब्याचे एकूण अंतर आणि `B` मध्ये ओळीची जागा असेल, तर सूत्र असे होते:

```
=ROUND((A2+B2)/120,0)+1
```

सातव्या थांब्यापर्यंतचे एकूण अंतर 4390 आहे आणि त्यातील पहिली पूर्ण ओळ 50 वर आहे. 4440 भागिले 120 म्हणजे 37, म्हणून ती यादीतील 38 वी ओळ. आठव्या थांब्याचे एकूण अंतर 5375 आणि पहिली ओळ 25 वर, म्हणून ती 46 वी. दिव्याच्या पाच ओळींना 45 ते 49 हे क्रमांक मिळतात, आणि विटाव्याची ओळ 50 वी ठरते. आता दुबार ओळी काढण्याला हरकत नाही, फक्त त्या अनुक्रमांकावरून काढायच्या. एका क्रमांकाच्या अनेक ओळी असतील तर एक ठेवायची, आणि त्यांचा मजकूर परस्परांशी जुळत नसेल तर चित्र पुन्हा पाहायचे, कारण दोहोंपैकी एक वाचन चुकलेले आहे. क्रमांकांत खंड पडला असेल, तर तेथे ओळ सुटली आहे.

सूत्रातील भागाकाराचे उत्तर पूर्णांकाच्या जवळ येत नसेल, 37.4 किंवा 37.5 असे काही येत असेल, तर मोजमाप चुकले आहे किंवा ओळींची उंची सारखी नाही. ज्या ॲपमध्ये प्रत्येक दिवसाच्या आरंभी तारखेची वेगळी पट्टी येते, तेथे हे नक्की होते. अशा यादीत त्या पट्ट्यांची उंची मोजून एकूण अंतरातून वजा करावी लागते. तेथे आणखी एक काळजी घ्यावी: सरकताना चालू दिवसाची पट्टी वरच्या कडेला चिकटून राहते आणि तिच्यामागे एक ओळ झाकली जाते, ती ओळ पूर्ण दिसते असे समजू नये. मात्र त्या दिवसाच्या ओळींची तारीख त्याच पट्टीवरून मिळते, म्हणून अशा यादीत ती कापून टाकू नये.

ताळा

तक्ता तयार झाल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात आणि त्या याच क्रमाने तपासाव्यात. प्रथम ओळींची संख्या पाहावी. ॲप संख्या दाखवत नसले तरी ती उंचीवरून काढता येते: शेवटच्या थांब्यापर्यंतचे एकूण अंतर 24,240 आणि त्यात पडद्यावरील यादीची उंची 1440 मिळवली, की 25,680 होतात, आणि 120 ने भागल्यावर 214 ओळी येतात. तळाशी बटणासाठी मोकळी जागा सोडलेली असेल, तर ती आधी वजा करावी.

मग गोण्यांची आणि रकमेची बेरीज ॲपमधील आकड्याशी लावावी. संख्या जुळते आणि बेरीज जुळत नाही, तर ओळी पूर्ण आहेत आणि एखादा आकडा चुकीचा वाचला गेला आहे. संख्याच जुळत नसेल, तर दोष जोडात आहे. फरक नेमका 4,500 चा आणि गोण्यांतील फरक 5 चा असेल, तर दिव्याच्या ओळींचे गट आधी पाहावेत.

शेवटी बेरीज दिवसवार करून पाहावी. संपूर्ण महिन्याची बेरीज जुळली तरी एका जोडात गळलेली ओळ आणि दुसऱ्या जोडात दुबार आलेली तितक्याच रकमेची ओळ एकमेकींना झाकू शकतात, आणि ठरावीक मापाने विक्री होणाऱ्या मालात असे होणे अगदी शक्य असते. दिवसवार बेरजेत असे दोष बहुतेक वेळा उघडे पडतात. ते एकाच दिवसात घडले असतील, तर मात्र अनुक्रमांकांचाच आधार घ्यावा लागतो.

फरक आहे पण तो कोठे आहे हे कळत नसेल, तर सगळा तक्ता पुन्हा वाचत बसू नये. प्रत्येक थांब्याच्या पहिल्या पूर्ण ओळीचा तक्त्यातील प्रत्यक्ष क्रम आणि सूत्राने आलेला अनुक्रमांक शेजारी लिहावेत. ज्या थांब्यापर्यंत दोन्ही आकडे सारखे आहेत तेथपर्यंतचे काम बरोबर आहे. ज्या थांब्यात पहिल्यांदा फरक पडतो, त्याच्या आधीचा जोड चुकला आहे. तक्त्यातील क्रम लहान असेल तर ओळ गळली आहे, मोठा असेल तर दुबार आली आहे. तेवढ्या एका जोडाची मधली चित्रे काढून ओळी पुन्हा मोजाव्यात, तक्ता दुरुस्त करावा आणि पुढचे थांबे त्याच रीतीने तपासत जावे. हिशेबनिसाकडे तक्ता पाठवताना थांब्याचा स्तंभ लपवला तरी चालेल, पण मूळ प्रतीत तो असू द्यावा आणि रेकॉर्डिंगही सोबत जपून ठेवावे. एखाद्या विक्रीबद्दल विचारणा झाली, तर त्या ओळीचे चित्र थांब्याच्या क्रमांकावरून लगेच काढून दाखवता येते.